दावा मंजूर करण्याआधी ऑर्डरचा इतिहास पाहा : कार्ड देणाऱ्या बँका आणि पेमेंट गेटवे कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
कार्ड देणाऱ्या बँकांचे वाद-निवारण विभाग आणि पेमेंट गेटवे कंपन्यांचे चार्जबॅक विभाग यांस,

स. न. वि. वि.

मी ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. गिऱ्हाइकाने बँकेकडे तक्रार केली, बँकेने पैसे मागे ओढले, म्हणजे चार्जबॅक झाला, की त्याचं उत्तर तयार करणं हे माझं काम. आपल्यापैकी एका गेटवेकडून नुकताच एका दाव्याचा निकाल आला. त्यात एकच ओळ होती : 'सादर केलेला पुरावा अपुरा आहे.' काय अपुरं, कशासाठी अपुरं, पुरावा कोणी वाचला, यातलं काहीच नाही. माल गेला, पैसे गेले, वर दाव्याचं शुल्कही गेलं. एखादा दावा हरणं हा धंद्याचा भाग आहे, ते मी समजू शकते. पण हा दावा ज्या पद्धतीने निकालात निघाला, ती पद्धत मला मान्य नाही. गिऱ्हाईक आणि विक्रेते या दोघांनाही या गोष्टी कळायला हव्यात, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. कार्डधारकाचा तक्रारीचा हक्क काढून घ्या, असं मी म्हणत नाही. कार्डचोरी खरी असते, पार्सलं खरोखर हरवतात, आणि वर्गणी रद्द करायचं बटण मुद्दाम लपवून ठेवणारे विक्रेतेही आहेत. अशा वेळी सामान्य माणसाला बँकेशिवाय आधार नाही. माझी तक्रार तिसऱ्याच प्रकाराबद्दल आहे. माल स्वतः मागवलेला, मिळालेला, वापरातही असलेला. आणि तरी 'मिळालाच नाही' किंवा 'हा खर्च माझा नाही' असं सांगून बँकेकडून पैसे परत घ्यायचे. याला फ्रेंडली फ्रॉड म्हणतात. तो ओळखायची माहिती बहुतेक वेळा ऑर्डरच्या नोंदींतच पडलेली असते. ती पाहायची सोय आपण ठेवलेली नाही, हे माझं मूळ गाऱ्हाणं.

ज्या दाव्यावरून हे पत्र लिहावं लागलं, तो नीट सांगते.

आम्ही चित्रकारांसाठीचे ग्राफिक टॅब्लेट विकतो. १ मार्चला एका जुन्या गिऱ्हाइकाने एक टॅब्लेट मागवला. ४ मार्चला दुपारी तो पोचल्याची कुरिअरची नोंद आहे, दारासमोरचा फोटो आहे, आणि निघताना व शेवटच्या केंद्रावर केलेलं पार्सलचं वजन सारखंच आहे. त्याच संध्याकाळी त्या गिऱ्हाइकाच्या लॉगिनमधून आमच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर डाउनलोड झाला. दुसऱ्या दिवशी त्या टॅब्लेटचा सिरियल नंबर वॉरंटीसाठी नोंदवला गेला. हा नंबर खोक्याच्या आत, यंत्राच्या मागच्या बाजूला छापलेला असतो. खोकं उघडल्याशिवाय तो कोणाला दिसत नाही. माल परत करायची १५ दिवसांची मुदत १९ मार्चला संपली. २९ मार्चला गिऱ्हाइकाची मेल आली : 'पार्सल अजून मिळालेलं नाही, पैसे परत करा.' आम्ही फोटो पाठवला आणि वॉरंटीच्या नोंदीबद्दल विचारलं. उत्तर आलं नाही. २२ एप्रिलला बँकेकडून चार्जबॅक आला, तो व्हिसाच्या १०.४ या कोडखाली. म्हणजे कार्ड समोर नसताना झालेला, कार्डधारकाने न केलेला व्यवहार.

आता या दोन विधानांकडे जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. 'पार्सल मिळालं नाही' म्हणणारा माणूस ऑर्डर आपणच दिल्याचं कबूल करतो. 'हा व्यवहार माझा नाही' म्हणणारा माणूस ऑर्डरच नाकारतो. एकाच खरेदीबद्दल ही दोन्ही विधानं खरी असू शकत नाहीत. न मिळालेल्या मालासाठी व्हिसाचा वेगळा कोड आहे, १३.१. तो लावला असता तर आम्ही पोच दाखवली असती. पण बँकेसमोर २९ मार्चची मेल नव्हती, आणि कार्डधारक बँकेशी नेमकं काय बोलला हे आमच्यासमोर नव्हतं. दोघांच्या मध्ये फक्त एक कोड होता.

यात गिऱ्हाईक खोटंच बोलत होतं, असं मी छातीठोकपणे सांगत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणी साठवलेल्या कार्डावरून मागवलं असेल, आणि मेलही त्याच व्यक्तीने लिहिली असेल. पण हे एका प्रश्नात कळलं असतं, आणि तो प्रश्न विचारला गेल्याची कुठेही नोंद नाही.

माझी पहिली तक्रार बँकांकडे आहे. आपण कोड पाठवता, माणसाचं म्हणणं पाठवत नाही. विक्रेत्याला उत्तर देताना कोड हाच आरोप धरावा लागतो. 'मिळालं नाही' या आरोपाला पोच, सही, फोटो असं एक उत्तर आणि 'ओळखत नाही' या आरोपाला अगदी वेगळं. जबाबदारीही कोडावर फिरते. थ्री-डी सिक्युअर, म्हणजे ओटीपीसारखी पडताळणी होऊन झालेला व्यवहार कार्डधारकाने 'मी केला नाही' म्हणून नाकारला, तर नुकसानीचा भार साधारणपणे बँकेवर जातो. पण त्याच व्यवहारात 'माल मिळाला नाही' असा दावा आला, तर ती पडताळणी आमच्या काहीही कामाची नसते. कोडाची निवड इतकी निर्णायक असताना ती कोणत्या शब्दांवरून केली, हे समोरच्या पक्षाला कळू नये, हे न्यायाचं नाही.

दुसरी तक्रार गेटवे कंपन्यांकडे आहे, आणि ती मला अधिक बोचते, कारण नियम आमच्या बाजूने असून तो वापरता आला नाही. व्हिसाने एप्रिल २०२३ पासून 'कंपेलिंग एव्हिडन्स ३.०' हा नियम लागू केला. तो नेमका १०.४ च्या दाव्यांसाठी आहे. त्यात विक्रेत्याने त्याच कार्डावरचे आपल्याकडचे दोन जुने व्यवहार दाखवायचे असतात. हे व्यवहार दाव्याच्या तारखेच्या आधी १२० ते ३६५ दिवसांतले हवेत आणि त्यांच्यावर फसवणुकीची तक्रार झालेली नसावी. मग वादातल्या व्यवहाराशी या दोन्हींच्या किमान दोन गोष्टी जुळाव्या लागतात : लॉगिन, पोचवण्याचा पत्ता, आयपी पत्ता, उपकरणाची ओळख. जुळणाऱ्या दोनांपैकी एक तरी आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख असलीच पाहिजे. हे सगळं बसलं, तर भार बँकेकडे जातो. १२० दिवसांची अट विचार करून ठेवलेली आहे. जुना व्यवहार कार्डधारकाच्या स्टेटमेंटवर येऊन इतके दिवस झाले आणि त्याने तो नाकारला नाही, तर तो त्याचाच धरायला हरकत नाही.

आमच्या दाव्यात त्या गिऱ्हाइकाच्या दोन जुन्या ऑर्डरी होत्या, आदल्या वर्षीच्या १८ जूनची आणि २ नोव्हेंबरची. २२ एप्रिलपासून मागे मोजलं तर एक ३०८ दिवसांपूर्वीची, दुसरी १७१ दिवसांपूर्वीची. दोन्ही त्याच कार्डावर, त्याच लॉगिनमधून, त्याच पत्त्यावर आणि त्याच लॅपटॉपवरून दिलेल्या. आयपी पत्ता मात्र तिन्ही वेळा निराळा होता. त्यात नवल नाही, घरगुती जोडणीचा आयपी बदलत राहतो. पण उपकरणाची ओळख, लॉगिन आणि पत्ता, असे तीन दुवे जुळत होते. नियमाला दोनच लागतात.

हे सगळं भरायचं कुठे? गेटवेच्या पडद्यावर एक मजकुराची चौकट आणि एक फाइल जोडायची जागा होती. जुन्या व्यवहारांचे क्रमांक लिहायला रकाना नाही, उपकरणाची ओळख भरायला रकाना नाही. मी सगळं एका पीडीएफमध्ये घातलं आणि पाठवलं. हा नियम ठरावीक रकान्यांत भरलेल्या, यंत्राने ताडून पाहता येणाऱ्या माहितीवर चालतो. तीच माहिती फाइलच्या मधल्या पानावर परिच्छेदात लिहिली, तर ती असून नसल्यासारखी. 'अपुरा' म्हटला गेलेला पुरावा प्रत्यक्षात पुरेसा होता. तो पुढे जायची वाटच आपण बांधलेली नव्हती.

यात वेळेचीही भर आहे. व्हिसासारखं कार्ड नेटवर्क विक्रेत्याच्या बाजूला उत्तरासाठी जे दिवस देतं, त्यातले बरेच मधल्या टप्प्यांवर खर्ची पडतात आणि आमच्या हाती थोडेच उरतात. कुरिअरकडून पोचीची सविस्तर नोंद मागवायलाच त्यातले निम्मे जातात.

या नियमाची मर्यादाही सांगते. पहिल्यांदाच खरेदी करणाऱ्याचा दावा आला, तर दाखवायला जुना व्यवहार नसतो. आणि 'माल मिळाला नाही' या दाव्याला तो लागूच नाही. अशा ठिकाणी ऑर्डरच्या नोंदी समजून वाचणं हाच मार्ग उरतो. आम्ही त्या कशा वाचतो ते इथे मांडते, कारण 'विक्रेते प्रत्येक तक्रारदाराला चोर समजतात' हे वाक्य मी आपल्या विभागांकडून ऐकलं आहे.

'मिळालं नाही' असे दावे आले, की आम्ही ते दोन वेगवेगळ्या पद्धतींनी गटांत मांडतो. आधी कुरिअरच्या मार्गाने : कोणतं केंद्र, कोणती फेरी, कोणत्या आठवड्यात. मग माणसाने : कोणतं लॉगिन, कोणतं उपकरण, कोणता पत्ता. एकाच केंद्रातून गेलेली पार्सलं 'मिळाली नाहीत' असं एकमेकांशी काहीही संबंध नसलेली गिऱ्हाइकं सांगत असतील, त्यांतल्या अनेकांनी याआधी कधीच तक्रार केलेली नसेल, आणि 'पोचलं' असा संदेश गेल्यावर काही तासांतच त्यांचे फोन आले असतील, तर चोरी वाटेत झाली आहे. कधी दोन केंद्रांमधल्या वजनाच्या नोंदीतच फरक दिसतो. अशा वेळी आम्ही गिऱ्हाइकाला लगेच पैसे देतो आणि कुरिअरशी भांडतो. गिऱ्हाइकाने त्यात पडायचं कारण नाही.

दावे केंद्रांवर विखुरलेले आणि माणसावर गोळा झालेले असतील, तर चित्र उलटं असतं. नावं निराळी, पण उपकरण तेच. किंवा पत्ता तोच, पण दर वेळी थोडा वेगळा लिहिलेला : कधी इमारतीचं नाव आधी, कधी मजला शब्दांत, कधी फ्लॅटच्या आकड्यानंतर एक जादा अक्षर. म्हणून पत्ते जुळवण्याआधी ते एका साच्यात आणावे लागतात, नाहीतर यंत्राला ते चार पत्ते वाटतात. बरोबरीने वेळ पाहायची. ज्याचं पार्सल खरोखर आलेलं नाही, तो 'पोचलं' या संदेशानंतर लगेच अस्वस्थ होतो, ट्रॅकिंगचं पान पुन्हा पुन्हा उघडतो, आम्हाला विचारतो. जो ट्रॅकिंग एकदाही उघडत नाही, आमच्याशी बोलत नाही, आणि परतीची मुदत संपल्यावर थेट बँकेत जातो, त्याच्याबद्दल प्रश्न पडणं रास्त आहे. एकाच ऑर्डरीतल्या पाच वस्तूंपैकी फक्त सर्वांत महागडी मिळाली नाही असं म्हटलं, आणि खोक्याचं वजन भरलेल्या मालाइतकंच असलं, तर तेही पाहायचं.

इथे एक चूक सर्रास होते. नुसते दावे मोजायचे नसतात, पोचलेल्या ऑर्डरींच्या तुलनेत मोजायचे असतात. चाळीस ऑर्डरींत दोन पार्सलं न मिळालेलं गिऱ्हाईक दुर्दैवी असू शकतं. तीन ऑर्डरींत दोन न मिळालेलं गिऱ्हाईक तपासायला हवं. दोघांच्या नावापुढे आकडा तोच, दोन. ज्या यादीत फक्त दाव्यांचा आकडा असतो, तिच्यात आपलं सर्वांत निष्ठावान गिऱ्हाईक आधी अडकतं.

'ओळखत नाही' या दाव्यांची खूण वेगळी. खऱ्या कार्डचोरीत लॉगिन बहुधा नवं असतं, पोचवण्याचा पत्ता नवा असतो, आणि त्याच उपकरणावरून लागोपाठ वेगवेगळी कार्डं वापरून पाहिलेली असतात. पुढे एकमेकांना न ओळखणाऱ्या कार्डधारकांचे दावे त्या एकाच उपकरणाकडे बोट दाखवतात. असा दावा आला, तर मी लढत नाही. तो कार्डधारक खरा आहे आणि नुकसान आमचंच आहे. याउलट जुनं लॉगिन, जुनं उपकरण, एकच कार्ड आणि कार्डधारकाच्या स्वतःच्या घरी पोचलेला माल. परका चोर चोरलेला माल कार्डधारकाच्याच दारात कशाला पाठवील?

या दोन टोकांच्या मध्ये प्रामाणिक गोंधळ असतो, आणि तो कमी नाही. दुकानाचं नाव एक आणि स्टेटमेंटवर कंपनीचं नोंदणीकृत नाव दुसरंच. त्या ओळीत मावतात जेमतेम वीस-बावीस अक्षरं, तीही पुष्कळदा अर्धवट तुटलेली. हा गोंधळ नोंदींत सहज दिसतो. दावे पहिल्यांदाच खरेदी करणाऱ्यांकडून येतात, स्टेटमेंट निघायच्या दिवसांच्या आसपास येतात, आणि गिऱ्हाइकाला फोन करून वस्तूचं नाव सांगितलं, की तिथेच मिटतात. वर्गणीच्या बाबतीत दावे नूतनीकरणाच्या तारखेनंतर साचतात. त्या तारखेनंतर एकदाही लॉगिन झालेलं नसेल, तर माणूस विसरला आहे आणि विक्रेत्याने न भांडता पैसे परत करावेत. नूतनीकरणानंतरही रोज वापर चालू असेल, तर 'ओळखत नाही' हे पटणारं नाही.

या खुणा म्हणजे पुरावा नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. कुरिअरची 'पोचलं' ही नोंद म्हणजे माणसाच्या हातात दिलं असं नाही. दाराचा फोटो कोणत्याही मजल्यावरचा असू शकतो, आणि उंच इमारतीत जीपीएस मजला सांगत नाही. ब्राउझर साफ केला की उपकरणाची ओळख बदलू शकते, आणि एका घरात एका लॅपटॉपवर चौघं काम करतात. म्हणून एकाच खुणेवर आम्ही कोणाला नाकारत नाही. अनेक खुणा एका दिशेला जात असतील, तरच दावा लढवतो. आपणही निकाल देताना इतकंच करावं, एवढी माझी अपेक्षा आहे.

तिसरी तक्रार मोजदादीची. चार्जबॅक आम्ही जिंकला, तरी तो साधारणपणे आमच्या खात्यावरच्या वादांच्या प्रमाणात मोजलेला राहतो. प्रमाण वाढलं, की आमच्यावर देखरेख बसते, रक्कम रोखून धरली जाते, शेवटी खातं बंद होऊ शकतं. त्यामुळे छोटे विक्रेते लढणंच सोडतात आणि 'मिळालं नाही' म्हणणाऱ्याला मुकाट्याने पैसे देतात. हे ज्याच्या लक्षात येतं, तो पुन्हा तेच करतो. नुकसान भरून काढायला मग सगळ्यांसाठी परतीचे नियम आवळले जातात, आणि खरोखर पार्सल न मिळालेल्या माणसाकडे दहा पुरावे मागितले जातात.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

बँकांनी 'ओळखत नाही' असा दावा नोंदवण्याआधी कार्डधारकाला ऑर्डरचा तपशील दाखवावा : वस्तूचं नाव, तारीख, पोचवण्याचा पत्ता, दुकानाचं प्रचलित नाव. हा तपशील विक्रेत्याकडून मागवून घेण्याची सोय कार्ड नेटवर्कांनी केलेली आहे, ती वापरावी.

कार्डधारकाला तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरं नोंदवावीत. विक्रेत्याशी बोललात का? घरात हे कार्ड किंवा हे लॉगिन आणखी कोणी वापरतं का? या विक्रेत्याकडून याआधी काही घेतलं होतं का?

चार्जबॅकसोबत कार्डधारकाच्या म्हणण्याचा सारांश आणि तक्रारीची तारीख विक्रेत्यापर्यंत पोचवावी. त्याच व्यवहाराबद्दल त्याने विक्रेत्याला आधी वेगळं काही लिहिलेलं असेल आणि विक्रेत्याने ते सादर केलं, तर निकालात त्याची दखल घ्यावी.

गेटवे कंपन्यांनी जुन्या व्यवहारांचे क्रमांक, लॉगिन, उपकरणाची ओळख, आयपी पत्ता आणि पोचवण्याचा पत्ता यांसाठी स्वतंत्र रकाने द्यावेत. १०.४ चा दावा येताच १२० ते ३६५ दिवसांतले त्याच कार्डावरचे व्यवहार पडद्यावर आपोआप दाखवावेत. ते आपल्याच नोंदींत आहेत. आम्हाला शोधायला लावू नयेत.

उत्तरासाठी मिळालेल्या मुदतीतले किती दिवस आपण ठेवले आणि किती आम्हाला दिले, हे दाव्याच्या सूचनेत लिहावं. आणि निकालात कोणती अट पूर्ण झाली, कोणती झाली नाही, हे अटीगणिक कळवावं.

स्टेटमेंटवर दिसणारं नाव विक्रेत्याला स्वतः बदलता यावं आणि बदलण्याआधी ते तिथे कसं दिसेल हे पाहता यावं.

२२ एप्रिलचा तो दावा जिच्याकडे होता, त्या गेटवे कंपनीला त्याचा संदर्भ क्रमांक आणि तिन्ही ऑर्डरींच्या नोंदी मी पुन्हा पाठवल्या आहेत. तो दावा परत उघडता येत नसेल, तर तसं लेखी कळवावं, आणि त्या पीडीएफमधली माहिती बँकेपर्यंत कोणत्या रूपात गेली होती हेही कळवावं. मी उत्तराची वाट पाहते आहे.

आपली विश्वासू,
ऑनलाइन विक्रीत ऑर्डरी आणि चार्जबॅक सांभाळणारी एक कर्मचारी